आधी कोरडं, मग ओलं

चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या संध्याकाळी माझ्या घरी कुंकवाचा करंडा कलंडला. निम्मं कुंकू चौरंगावर अंथरलेल्या पांढऱ्या सुती पंच्यावर पडलं, उरलेलं देवघरासमोरच्या शहाबादी फरशीवर. पाहुण्या यायच्या होत्या म्हणून मी ओलं फडकं घेतलं आणि फरशी पुसली. कोरडी पूड होती तेव्हा डाग वीतभरही नव्हता. दोन हात फिरवल्यावर तो ताटाएवढा गुलाबी झाला. पंचा मात्र सासूबाईंनी उचलला, चारही टोकं धरून अंगणात नेला आणि उलटा धरून झटकला. त्या पंच्यावर आज काही नाही. फरशी साफ व्हायला आठवडा गेला.

फरक पडला तो पाण्यामुळे. कोरडं कुंकू धाग्यावर किंवा दगडावर नुसतं बसलेलं असतं. त्याला पाणी लागलं की रंग सुटतो आणि पाण्याबरोबर आत शिरतो. सुताचा धागा पाणी पितो, शहाबादी फरशीही पिते, कारण तिच्या अंगात बारीक छिद्रं असतात. म्हणून पहिलं काम पूड उचलण्याचं. कापड झटकावं, उरलेली पूड मऊ ब्रशने एकाच दिशेने काढावी, बोटाने चोळू नये. फरशीवर मऊ कुंचा कडेकडून मधे आणत फिरवावा आणि पूड सुपलीत घ्यावी. चिकटपट्टी हलकेच टेकवून उचलली तर राहिलेले कणही निघतात.

मग पाहायचं की हे कुंकू कशाचं आहे. पांढऱ्या वाटीत चमचाभर पाणी घेऊन त्यात चिमूटभर कुंकू टाकावं आणि न ढवळता पाच मिनिटं ठेवावं. पाणी लगेच गुलाबी-लाल झालं तर तो बहुधा कृत्रिम रंग. स्टार्च, खडू किंवा शंखजिऱ्याच्या पुडीला तो चढवलेला असतो. बाजारातला बराचसा गुलाल आणि स्वस्त कुंकू याच जातीचं. पाणी जवळजवळ नितळ राहिलं तर कुंकू हळदीचं असण्याची शक्यता जास्त. हळदीतलं रंगद्रव्य पाण्यात फारसं विरघळत नाही. त्यात लिंबाचा थेंब पडताच रंग पिवळ्याकडे झुकला, तर त्या हळदीला चुन्याची निवळी दिलेली आहे. टाकणखार आणि लिंबू घालून केलेलं कुंकू मात्र लिंबाने पिवळं होत नाही.

हळदीच्या कुंकवाच्या बाबतीत एका गोष्टीने अनेक जण घाबरतात. आमटी सांडलेल्या शर्टाला साबण लावला की डाग लालभडक होतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. डाग वाढत नाही, साबणातल्या क्षाराने हळद रंग बदलते इतकंच. स्वच्छ पाण्याने साबण पूर्ण काढला की तो पुन्हा पिवळा होतो आणि तो पिवळा रंग ऊन खातं.

पंच्यासारख्या पांढऱ्या सुती कापडासाठी क्रम असा. डागाची बाजू खाली करून कापड नळाच्या गार पाण्याखाली धरावं, म्हणजे पाणी मागून येऊन रंगाला आला त्याच वाटेने बाहेर ढकलतं. गरम पाणी इथे नको. पुडीत स्टार्च असेल तर ते गरम पाण्याने फुगून चिकट होतं आणि रंगाला धरून ठेवतं. पाणी नितळ वाहू लागलं की भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब लावून दहा मिनिटं ठेवावं. पूजेच्या कापडाला तूप-तेल लागलेलं असतंच, आणि त्या तेलकटपणाखाली रंग अडकतो.

त्यानंतरही गुलाबी छटा दिसली तर ऑक्सिजन ब्लीचची पूड, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, वापरावी. हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात लिटरमागे एक मोठा चमचा विरघळवून कापड दोन तास बुडवून ठेवावं. हातमोजे घालावेत. शेवटी खळबळून, ओलंच कडक उन्हात पसरावं. सुकलं की पुन्हा शिंपडावं. हळदीचा डाग दोन-तीन दिवसांत असा जातो. कृत्रिम रंगावर उन्हाचा भरवसा नाही, त्याला परकार्बोनेटचं पाणी दोन-तीनदा द्यावं लागतं. क्लोरीनचं ब्लीच कापडाचा धागा कमजोर करतं, शिवाय जरीच्या काठाला ते चालत नाही, म्हणून ते शेवटचा उपाय. ब्लीचमध्ये लिंबू, व्हिनेगर किंवा टॉयलेट साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

फरशीवर मात्र हात अगदी जपून फिरवावा लागतो. शहाबादी, कडप्पा, कोटा, संगमरवर हे सगळे चुनखडीच्या कुळातले दगड आहेत. लिंबू किंवा ॲसिड पडलं की त्यावर बारीक फेस येतो. तो डागाचा नव्हे, दगडाचा फेस असतो. चकाकी जाऊन तिथे पांढुरका ठिपका राहतो आणि तो पुन्हा पॉलिश केल्याशिवाय जात नाही. घासणीनेही काही साधत नाही, कारण रंग पृष्ठभागावर नसतो, आत असतो.

आत गेलेला रंग वर ओढण्यासाठी लेप द्यावा लागतो. आमच्या फरशीला मी तो असा दिला. दीड वाटी पांढऱ्या खडूची पूड घेतली. मुलतानी माती टाळली, कारण तिच्यातलं लोह नवा डाग पाडू शकतं. पुडीत साधं पाणी घालत श्रीखंडाइतकं घट्ट कालवलं आणि डागाच्या कडेबाहेर दोन बोटं जाईल असं अर्धा सेंटीमीटर जाडीने पसरलं. वर प्लास्टिक टाकून कडा चिकटपट्टीने बंद केल्या. चोवीस तासांनी प्लास्टिक काढलं आणि लेप उघडा सुकू दिला. खरं काम या सुकण्यात होतं. लेपातलं पाणी हवेत उडतं तसं दगडातलं पाणी त्याच्या जागी वर येतं, आणि सोबत रंग आणतं. दुसऱ्या दिवशी लेपाला भेगा पडल्या, खडूचा थर फिका गुलाबी झाला होता. लाकडी उलथन्याने तो खरवडून काढला.

दुसरा लेप पाण्याऐवजी मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ६ टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडने कालवला, आधी कोपऱ्यातल्या फरशीवर थोडा लावून पाहिला. दगडात उरलेला रंग पेरॉक्साइड फिका करतं. काळ्या कडप्प्यावर ही चाचणी चुकवू नये, कारण दगडाचाच रंग उतरू शकतो. लेप काढल्यावर लगेच निकाल ठरवू नये; ओला दगड गडद दिसतो, एक दिवस पूर्ण सुकू द्यावा. डागाभोवती नवं वर्तुळ उमटलं तर लेप पातळ झाला होता असं समजावं आणि पुढचा अधिक घट्ट करावा. आमच्याकडे तीन लेप लागले.

शेंदराला यातलं काही लावू नये. खरा शेंदूर शिशाचा असतो. ब्लीचने तो तपकिरी-काळा पडू शकतो, आणि कोरडा झाडला तर धूळ श्वासात जाते. म्हणून कोरडं आधी हा नियम त्याला लागू नाही. तो ओल्या कागदाने टिपून घ्यावा, कागद पिशवीत बांधून टाकावा, मग तेलकटपणासाठी साबणाचं पाणी घ्यावं आणि लहान मुलांना तिथून लांब ठेवावं.

आता आमच्या घरी हळदीकुंकवाला करंडा ताम्हनात ठेवतो. कुंकू सांडतंच, पण ते तांब्यावर सांडतं, आणि तिथून कोरडं परत करंड्यात जातं.