शून्य अपघातांचं भाषण

काम पुरं झालं, भोगवटा प्रमाणपत्र हातात आलं, की साइटवर मांडव पडतो. पूजा होते, नारळ फुटतो, शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतात आणि मग प्रकल्पप्रमुख माइक हाती घेतात. त्यांच्या भाषणात दोन वाक्यं ठरलेली असतात. ‘आमच्या कामगारांच्या घामाशिवाय हे शक्य नव्हतं’ हे एक, आणि ‘आम्ही 23 लाख सुरक्षित मनुष्य-तास पूर्ण केले’ हे दुसरं. पहिल्या वाक्याला टाळ्या पडतात. दुसऱ्यालाही पडतात, पण त्या वाक्यातून समोर बसलेल्या सळई फिटरला किंवा पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना नेमकं काय कळलं, हे विचारून पाहावं. बहुधा काहीच नाही.

हा आकडा येतो हजेरीपटावरून. समजा 22 मजली इमारत 26 महिन्यांत उभी राहिली. पायाच्या खोदाईला दीडशे माणसं होती, स्लॅब भरभर चढत होते तेव्हा पाचशे होती. सरासरी साडेतीनशे धरू. रोज दहा तास, महिन्याला 26 दिवस. म्हणजे महिन्याचे 91 हजार मनुष्य-तास आणि 26 महिन्यांचे 23 लाख 66 हजार. आता त्यात तीन कामगारांना अशा इजा झाल्या, की त्यांना काही दिवस कामावर येता आलं नाही. तीनला दहा लाखांनी गुणून एकूण तासांनी भागलं, की 1.27 हा दर निघतो. दर दहा लाख तासांमागे किती इजांनी माणूस घरी बसवला, हे तो सांगतो. भारतीय मानकांतही हिशेबाची रीत हीच आहे.

पण बॅनरवर 1.27 कुणी लिहीत नाही. तिथे ‘23 लाख सुरक्षित तास’ असं लिहितात आणि इथेच गफलत होते. सुरक्षित तास मोजायचे ते शेवटच्या इजेनंतरचे. आपल्या इमारतीत शेवटची इजा आठ महिन्यांपूर्वी झाली असेल, तर खरा आकडा 7 लाख 28 हजार. एकच साइट, एकच हजेरीपट, पण एक आकडा दुसऱ्याच्या तिपटीहून मोठा. त्यापुढची युक्ती साइटवर सगळ्यांना ठाऊक असते. बोट चेचलेल्या माणसाला घरी न पाठवता गेटपाशी खुर्चीवर बसवायचं आणि त्याची हजेरी लावत राहायचं. वेळ वाया गेला नाही, म्हणजे इजा मोजायची नाही. शून्य अपघातांवर बक्षीस ठेवलं असेल, तर ही खुर्ची हमखास भरलेली असते. सगळ्या टोळीची भेटवस्तू आपल्यामुळे बुडू नये म्हणून जखमी माणूसच गप्प बसतो.

आकडा खरा असला तरी तो सगळं सांगत नाही, याचं सर्वांत कडू उदाहरण समुद्रातलं आहे. मेक्सिकोच्या आखातातल्या ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या मंचावर सात वर्षांत कामाचा वेळ बुडवणारी एकही इजा झाली नव्हती. 20 एप्रिल 2010 रोजी दोन्ही संबंधित कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी मंचावर आले होते आणि या कामगिरीचं कौतुकही झालं. त्याच रात्री दहाच्या सुमारास स्फोट झाला आणि 11 जण गेले. सात वर्षांचा आकडा खोटा नव्हता. तो घसरणं, ठेचकाळणं, हात अडकणं मोजत होता. त्या दिवशी विहिरीच्या दाबाची चाचणी चुकीची वाचली गेली, ते त्या आकड्यात कुठेच दिसणार नव्हतं.

मग भाषणात सांगायचं काय? त्याचं उत्तर 1937 साली सॅन फ्रान्सिस्कोत पुरा झालेला गोल्डन गेट पूल देतो. त्या काळी अमेरिकेत दहा लाख डॉलरच्या कामामागे एक मृत्यू गृहीत धरत. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी हे गृहीत नाकारलं. डोक्यावर कडक टोपी सक्तीची केली आणि पुलाच्या तळाखाली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दोरखंडाची जाळी बांधली. तिचा खर्च लाखाहून अधिक डॉलर होता. जाळीत पडून 19 माणसं वाचली. त्यांनी आपल्या टोळक्याला ‘अर्ध्या वाटेवरून नरकातून परतलेले’ अशा अर्थाचं थट्टेचं नाव ठेवलं होतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. 17 फेब्रुवारी 1937 रोजी, पूल जवळजवळ तयार असताना, तळाखालचं सेंटरिंग काढण्याचं काम चालू होतं. त्यासाठी लटकवलेला कित्येक टनांचा फिरता मंच निसटला आणि जाळी फाडून खाली गेला. दहा जण मेले. माणसाचं वजन पेलणारी जाळी मंचाचं वजन पेलणार नव्हती. आधीच्या एका मृत्यूसह त्या पुलावर एकूण 11 जण गेले. म्हणजे ‘शून्य’ म्हणायची सोय उरली नाही. तरीही त्या कामाची सुरक्षेतली कमाई आजही सांगितली जाते, ती 19 या आकड्यामुळे. काय घडलं नाही, हे मोघम सांगण्यापेक्षा काय घडणार होतं आणि ते कशानं अडलं, हे सांगता येतं तेव्हाच ऐकणाऱ्याला पटतं.

आपल्या साइटवर हा 19चा आकडा कुठे असतो? ‘थोडक्यात टळलं’ अशा घटनांच्या वहीत. क्रेनचा पट्टा सुटला पण खाली कुणी नव्हतं, परांचीची फळी सरकली पण माणसानं आडवा पाइप पकडला, असल्या नोंदी तिथे असतात. सेफ्टी ऑफिसरची ही वही पाहुण्यांनी मागून घ्यावी. 26 महिन्यांत वही भरलेली आणि इजा मोजक्या असतील, तर साइटवर लोक बोलत होते. वही कोरी आणि इजाही शून्य असतील, तर बहुधा लोक बोलायला घाबरत होते.

भाषण लिहिणाऱ्याला सामग्री याच वहीत मिळते. आपल्या समजुतीच्या 22 मजली इमारतीचंच भाषण लिहायचं झालं तर ते साधारण असं होईल:

“मित्रांनो, या कामावर तीन जणांना इजा झाल्या. सेंटरिंग उतरवताना फळीतला खिळा बुटातून पायात गेला. सळई वाकवायच्या मशिनीत एकाचं बोट सापडलं. एक गवंडी दोन मीटरवरून परांचीवरून पडला. तिघंही आज कामावर आहेत आणि इथे बसले आहेत. खिळ्याच्या प्रकारानंतर आपण नियम केला, की फळी खाली ठेवण्याआधी खिळा काढायचा. तो पाळला गेला नाही तेव्हा काम थांबवणारा माणूस इंजिनिअर नव्हता, सुतारांचा मुकादम होता.

नवव्या मजल्यावर पाइपांच्या डक्टवर झाकलेली प्लायवूडची फळी एकाच्या पायाखालून सरकली. तो वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या टूलबॉक्स बैठकीत सळई फिटरांनी सुचवलं, की डक्टचं भोक मोकळं सोडून त्यावर फळी टाकण्यापेक्षा स्लॅबची जाळी भोकातून तशीच पुढे न्यावी. काँक्रीट तेवढं सोडायचं, सळया राहू द्यायच्या, आणि पाइप बसवायच्या दिवशीच त्या कापायच्या. दहाव्या मजल्यापासून आपण तेच केलं. त्यानंतर डक्टपाशी एकही घटना वहीत चढली नाही. ही सूचना ज्या टोळीची, तिनं उभं राहावं.”

या भाषणात ‘अथक परिश्रम’ नाहीत, ‘कुटुंब’ही नाही. आभार आहेत, पण ते कशाबद्दल हे कळतं. इजा लपवलेल्या नाहीत, म्हणून पुढची गोष्ट खरी वाटते. आणि कुणाला उभं करायचं हे हजेरीपटावरून न ठरता वहीवरून ठरलं आहे. इजा झालेल्या माणसाचा उल्लेख करण्याआधी त्याला विचारायला मात्र हवं. सगळ्यांदेखत आपलं बोट चर्चेत यावं असं प्रत्येकाला वाटत नाही.

आणखी एक अडचण कागदावर सुटत नाही. ज्यांचे आभार मानायचे, ते समारंभाला असतातच कुठे? खोदाईची टोळी दोन वर्षांपूर्वी गेली. सेंटरिंगवाले शेवटचा स्लॅब उतरताच पुढच्या साइटवर गेले. मांडवात बसतात ते रंगारी, प्लंबर, लिफ्टचे फिटर आणि साफसफाईच्या बायका. खोल खड्ड्यात आणि उघड्या स्लॅबच्या कडेला ज्यांनी जीव धोक्यात घातला, त्यांच्यापैकी फार थोडे. म्हणून जाणते कंत्राटदार आभाराचा कार्यक्रम शेवटावर टाकत नाहीत. जोतं झालं की एक, शेवटचा स्लॅब पडला की एक, असा त्या त्या टोळीसमोर करतात. छोटाच असतो, पंधरा मिनिटांचा. तो हिंदीत असतो, किंवा टोळीला कळेल त्या भाषेत. आणि त्या पंधरा मिनिटांची हजेरी लागते. उक्त्या दरानं काम करणाऱ्या माणसाला अर्धा दिवस मांडवात बसवणं म्हणजे त्याच्याच मजुरीतून त्याचा सत्कार करणं.

आणि मृत्यू झालाच असेल तर? तर भाषणाची सुरुवात त्या नावानं होते. आकडा नंतर, किंवा अजिबात नको. कोकण रेल्वे उभारताना जीव गेलेल्या कामगारांसाठी रत्नागिरी स्थानकाच्या आवारात श्रमशक्ती स्मारक आहे. रेल्वेच्या बोगद्यांची आणि पुलांची थोरवी सांगताना त्या मार्गावरच ते उभं राहिलं, हे योग्य झालं. मृत्यू झालेल्या कामावर ‘शेवटच्या अपघातानंतर इतके लाख तास सुरक्षित’ असं म्हणणं हिशेबात बरोबर असतं. पण मृताचा भाऊ त्याच टोळीत असेल, तर त्याच्यासमोर ते वाक्य उच्चारू नये.

तुम्हाला कधी असं भाषण करायचं असेल, तर आदल्या रात्री वाक्यं जुळवत बसू नका. काम सुरू झालं त्या दिवशी एक पान उघडा आणि काय टळलं, कुणामुळे, कधी, हे तीन रकाने भरत राहा. समारंभानंतर दहा मिनिटं आणखी थांबा. मांडवाची कमान सोडायला डेकोरेटरचा पोरगा बांबूवर वीस फूट चढतो. त्याच्या कमरेला पट्टा नसतो, आणि नुकतंच सुरक्षेवरचं भाषण ऐकलेल्यांपैकी कुणी वर बघतही नाही.