कोटेशन नाकारण्याचे पत्र

पुरवठादाराचे कोटेशन नाकारणाऱ्या मजकुरात तीन गोष्टी एकत्र गुंफलेल्या असतात: निर्णय, त्यामागचे कारण आणि समोरच्या माणसाशी बोलण्याची रीत. सौम्यपणा आणायचा तो यांतल्या तिसऱ्या गोष्टीत. व्यवहारात मात्र बरेचदा उलटे होते. बोलणे रोखठोक राहते आणि निर्णयच मऊ पडतो. पुरवठादार दुखावतो आणि तरीही ऑर्डर मिळेल या आशेवर थांबून राहतो.

एक उदाहरण घेऊ. भोसरीतल्या एका छोट्या कारखान्याला सुटे भाग पाठवण्यासाठी पाच पदरी पुठ्ठ्याचे दोन हजार खोके हवे आहेत. साताऱ्याच्या पुरवठादाराने खोक्यामागे ४२ रुपये दर दिला, माल त्याच्या गोदामातून उचलायचा. पुण्यातल्या दुसऱ्याने ४४ रुपये दिला, माल कारखान्यात पोच. साताऱ्याहून टेम्पोच्या दोन फेऱ्या लागतील, एका फेरीचे भाडे ३,५०० रुपये. म्हणजे पहिल्याचा माल ८४,००० अधिक ७,००० असा ९१,००० रुपयांना पडतो आणि दुसऱ्याचा ८८,००० रुपयांना. जीएसटी दोघांकडे सारखाच, म्हणून तो हिशेबाबाहेर ठेवता येतो. ऑर्डर पुण्याला गेली. आता साताऱ्याला कळवायचे आहे.

खरेदी पाहणारा माणूस घाईत असतो. मोबाइलवरून असा निरोप जातो: “रेट बघितला. खूप जास्त लावलाय. वर भाडं पण आमच्याच डोक्यावर. असं असेल तर जमणार नाही. बाकीचे स्वस्तात देतात.”

यात कडवटपणा आहे हे कोणालाही दिसते. पण खरी चूक वेगळीच आहे. साताऱ्याचा दर मुळात जास्त नव्हता, दोघांत तोच कमी होता. ज्याला बाजारभाव माहीत आहे तो हे वाचून दोनच निष्कर्ष काढतो: एक तर गिऱ्हाइकाला हिशेब येत नाही, किंवा तो भाव पाडण्यासाठी खोटे बोलतो आहे. भाड्यामुळे ऑर्डर गेली हे त्याला कळतच नाही आणि पुढच्या वेळी तो पुन्हा गोदामापासूनचाच दर पाठवतो. शिवाय “असं असेल तर” या तीन शब्दांनी निर्णयही सैल केला आहे. तसे नसेल तर जमेल, असा त्याचा सरळ अर्थ निघतो. तासाभरात फोन येणार: “साहेब, भाडं आम्ही बघतो, ऑर्डर टाका.”

याच माणसाला कोणी सांगितले की जरा गोड लिहा, तर दुसरा निरोप साधारण असा होतो: “आपले कोटेशन मिळाले, आभारी आहोत. दर चांगले आहेत. सध्या थोडं थांबूया, गरज लागली की नक्की कळवतो.” याने कोणी दुखावणार नाही. पण नकार कुठे आहे? “सध्या”, “तूर्तास”, “बघू”, “कळवतो” हे शब्द मराठी व्यवहारात नकारासाठी वापरले जातात खरे, पण तो अर्थ ऐकणाऱ्याने ओळखायचा असतो, आणि ज्याला ऑर्डर हवी आहे तो माणूस तो अर्थ ओळखत नाही. साताऱ्याचा पुरवठादार कागदाची रिळे बाजूला काढून ठेवू शकतो, दुसऱ्या गिऱ्हाइकाला तारीख पुढची देऊ शकतो. पंधरा दिवसांनी त्याला खरे कळते तेव्हाचा राग पहिल्या निरोपापेक्षा मोठा असतो, आणि रास्तही.

नीट लिहिलेले पत्र याहून फार लांब नसते:

“स. न. वि. वि. पाच पदरी खोक्यांसाठीचे आपले ३ जूनचे कोटेशन व नमुने वेळेत मिळाले, त्याबद्दल आभार. या मागणीसाठी आपले कोटेशन आम्ही स्वीकारलेले नाही. दोन हजार खोक्यांची ऑर्डर दुसऱ्या पुरवठादाराला दिली आहे. निवड कारखान्यात पोच पडणाऱ्या दरावर केली. आपला ४२ रुपयांचा दर गोदामापासूनचा आहे. दोन फेऱ्यांचे भाडे धरता तो खोक्यामागे ४५ रुपये ५० पैसे होतो आणि त्या हिशेबात तो सर्वांत कमी राहिला नाही. नमुन्यांच्या दर्जाबद्दल आमची हरकत नव्हती. या मागणीवर सुधारित दर मागवत नाही. पुढची मागणी सप्टेंबरमध्ये निघेल, तेव्हा चौकशीपत्र आपल्यालाही पाठवू. त्या वेळी कृपया पोच दर द्यावा.”

निर्णयाचे वाक्य दुसऱ्याच ठिकाणी आले आहे आणि ते आखूड आहे. मराठीत “नाही” वाक्याच्या शेवटी येते. वाक्य लांबवले की वाचणारा त्या “नाही”पर्यंत पोचण्याआधी आशा बांधत जातो. “आपण दिलेले आकर्षक दर, आपला अनुभव व आपल्या संस्थेचा लौकिक लक्षात घेता...” अशी सुरुवात करून शेवटी नकार देणे हा सौम्यपणा नव्हे, ती फसवणूक वाटते. क्रियापदाचा काळही पाहावा. “स्वीकारलेले नाही”, “दिली आहे” ही झालेली गोष्ट सांगतात. “स्वीकारता येईल असे वाटत नाही” हे मत आहे आणि मत बदलवता येते.

मऊपणा आहे तो बाकीच्या जागी. “तुम्ही जास्त लावलेत” याऐवजी “आपला दर गोदामापासूनचा आहे” असे लिहिल्याने वाक्याचा कर्ता माणूस न राहता दर होतो. जे चांगले होते त्याची नोंद घेतली आहे, पण फक्त तेवढीच जेवढी खरी आहे. माफी मागितलेली नाही. “दिलगीर आहोत” लिहिले की चूक झाल्यासारखे होते आणि इथे कोणाचीच चूक नाही. “खेदाने कळवावे लागते की” या कचेरीतल्या वाक्याने तर कागद अधिकच थंड होतो.

कारण किती उघडे करायचे, हा यातला नाजूक भाग. साताऱ्याच्या पुरवठादाराला त्याच्याच आकड्यांतून हिशेब करून दाखवला आहे. पुण्याच्या पुरवठादाराचे नाव नाही, त्याचा ४४ रुपयांचा दरही नाही. तो दर त्याने विश्वासाने दिलेला असतो. शिवाय तो सांगितला की साताऱ्याहून ४३ चा आकडा येणार हे ठरलेलेच. “आपला पोच दर ४५ रुपये ५० पैसे पडतो” एवढ्याने त्याला पुढच्या वेळी काय सुधारायचे ते पुरते कळते.

कारण दर्जाचे असेल तर आणखी जपावे लागते. समजा, तिसऱ्या एका पुरवठादाराचे खोके कमकुवत निघाले. त्याला “तुमचा माल हलका आहे” असे म्हणणे म्हणजे त्याच्या धंद्यावर शेरा मारणे. तेच मोजमापात सांगितले तर भांडणाला जागा उरत नाही: “मागणीपत्रात बर्स्टिंग किमान १० किलो प्रति चौरस सेंटीमीटर मागितले होते. आपल्या तीन नमुन्यांत ते ८ ते ८.४ च्या दरम्यान आले.” त्याला आकडा पटला नाही तर तो चाचणीचा कागद मागेल, आणि तो देता यायला हवा. कागद दाखवता येत नसेल तर ते कारण पत्रात घालूच नये.

काही कारणे लिहिणाऱ्याच्याच अंगलट येतात. साताऱ्याच्या पुरवठादाराने निम्मी रक्कम आगाऊ मागितली असती आणि “आमच्याकडे पैसे नव्वद दिवसांनी मिळतात” म्हणून त्याला नाकारले असते, तर ते लेखी कबुलीसारखे झाले असते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला ४५ दिवसांपेक्षा जास्त उधारीवर ठेवता येत नाही, तसा करार केला असला तरीही. “आगाऊ रक्कम देण्याची आमची पद्धत नाही” एवढे पुरते, आणि खरेही असते.

निर्णय घट्ट ठेवण्याला कायद्याची बाजूही आहे. दर, अटी आणि मुदत लिहिलेले कोटेशन बहुधा १८७२ च्या करार कायद्यातला प्रस्ताव ठरते. तो स्वीकारायचा तर बिनशर्त, जसाच्या तसा स्वीकारावा लागतो. “भाडे तुम्ही घेतले तर चालेल” असे उत्तर दिले की तो नवा प्रस्ताव होतो, मूळचा संपतो, आणि आता “हो” म्हणण्याची पाळी पुरवठादाराची असते. नाकारण्याच्या पत्रात असे वाक्य चुकून शिरले आणि पुरवठादाराने “मान्य” लिहून पाठवले, तर दोन हजार खोक्यांच्या दोन ऑर्डरी अंगावर येऊ शकतात.

सरकारी खरेदीत कारण सांगणे ऐच्छिक राहत नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार, निविदा भरणाऱ्याने विचारले तर ती का नाकारली हे सांगावे लागते. म्हणून तिथली कारणे आधीपासूनच निविदेच्या अटींच्या भाषेत नोंदवलेली असतात. खासगी कारखान्यानेही ती सवय उचलण्यासारखी आहे: पत्रातले कारण आणि फायलीतल्या तुलनात्मक तक्त्यातले कारण शब्दशः जुळावे. तक्त्यात “पोच दर जास्त” आणि पत्रात “दर्जा कमी” असे असेल तर लेखापरीक्षक आधी तिथेच बोट ठेवतो.

पत्र कधी पाठवायचे, यालाही क्रम आहे. ज्याला ऑर्डर दिली त्याची लेखी पोच येईपर्यंत इतरांना नकार कळवू नये. त्याने ऐन वेळी हात वर केले तर परत जायला वाट राहत नाही. मात्र कोटेशनची मुदत, समजा १५ दिवसांची, संपेपर्यंत गप्प राहणेही योग्य नाही. तेवढे दिवस पुरवठादार त्या दराला बांधलेला आहे असे मानून चालतो.

जुन्या पुरवठादाराला थेट कागद पाठवला तर तो तुटकपणा वाटतो. आधी फोन करावा, पण फोनवर तेच सांगावे जे पत्रात आहे. “शेठ, या वेळची ऑर्डर दुसरीकडे दिली. भाड्यामुळे पोच दर जास्त पडत होता. सविस्तर लिहून पाठवतो.” पलीकडून बहुतेक वेळा ठरलेला प्रश्न येतो: “किती कमी करू ते सांगा ना.” इथे “बघतो” म्हटले की पत्राचा सगळा उपयोग गेला. “आता दराचा प्रश्न नाही शेठ, ऑर्डर गेली” हे उत्तर पुरे आहे, मग चार शब्द घरच्यांची विचारपूस करण्यात जायला हरकत नाही.

पत्र जमले की नाही हे पुढच्या काही दिवसांत समजते. दुसऱ्या दिवशी नवा दर आला तर निर्णय सैल लिहिला गेला होता. सप्टेंबरच्या चौकशीपत्राला उत्तरच आले नाही तर बोलण्याची रीत चुकली होती. उत्तर आले, पण दर पुन्हा गोदामापासूनचाच असेल, तर कारण पोचले नव्हते. नकारानंतर साताऱ्याने ४० रुपये पोच असा दर पाठवलाच, तर मोह होतो. तो कागद फायलीला लावून सप्टेंबरसाठी ठेवावा. ऑर्डर फिरवली तर पुण्याचा पुरवठादार तुटतो, आणि साताऱ्याचाही पुढच्या वेळी ४० चा माल आधी ४६ ला लिहून पाठवतो, कारण खरा दर नकारानंतर सांगायचा असतो हे त्याला एव्हाना कळलेले असते.