सलग मजकुरातून शेर सुटे करताना

गझलसंग्रहाची फाइल मुद्रणपूर्व कामासाठी येते, तेव्हा पुष्कळदा ती मोबाइलवर किंवा कोणाकडून तरी घाईने टंकून घेतलेली असते. गझला एकामागून एक, ओळी एकमेकींना चिकटलेल्या, कुठे क्रमांक आहे, कुठे नाही. कविता अशी आली तर कडवी कुठे तोडायची हे कवीलाच विचारावे लागते. गझलेचे तसे नाही. शेर कुठे संपतो आणि पुढची गझल कुठे सुरू होते, हे तिची रचनाच सांगते. मांडणी करणाऱ्याला रदीफ ओळखता आली आणि मात्रा मोजता आल्या, की बहुतेक काम त्यातून निघते.

नमुन्यासाठी या लेखापुरत्याच रचलेल्या सहा ओळी घेऊ. त्या अशा आल्या आहेत:

निघालो पुढे मी ठिकाणे कशाला तुला थांबण्याचे बहाणे कशाला दिव्याला विचारू नको वात त्याची उजेडास त्याच्या उखाणे कशाला मला पाहुनी गाव झाला मुका हा अता मैफलीचे तराणे कशाला

यात ‘कशाला’ पुन्हा पुन्हा येते, ती रदीफ. तिच्या आधीचे ठिकाणे, बहाणे, उखाणे, तराणे हे काफिये. मतल्याच्या, म्हणजे पहिल्या शेराच्या, दोन्ही ओळींत रदीफ येते आणि नंतरच्या प्रत्येक शेरात ती फक्त दुसऱ्या ओळीच्या शेवटी येते. तेव्हा पहिली पायरी सोपी आहे. वर्डमध्ये आधी दोन-दोन स्पेसच्या जागी एक स्पेस करून घ्यावी, मग तेवढी गझल निवडून Find and Replace मध्ये हे द्यावे. Find च्या ओळीत शेवटी एक स्पेस आहे, ती विसरू नये:

```
Find:    कशाला 
Replace: कशाला^p
```

आता चार तुकडे होतात. पहिले दोन तुकडे वीस-वीस मात्रांचे, म्हणजे मतल्याच्या दोन ओळी. पुढचे दोन प्रत्येकी चाळीस मात्रांचे, म्हणजे एकेक पूर्ण शेर. वृत्त भुजंगप्रयात आहे, ओळीत बारा अक्षरे, लगागा चार वेळा. तेव्हा चाळीस मात्रांच्या तुकड्यात विसावी मात्रा जिथे पुरी होते, तिथे पहिला मिसरा संपतो: ‘दिव्याला विचारू नको वात त्याची’. इथे Enter मारायचा नाही. Shift+Enter मारायचा, म्हणजे ओळ तुटते पण परिच्छेद एकच राहतो. मतल्याच्या दोन ओळीही अशाच एका परिच्छेदात आणाव्यात:

निघालो पुढे मी ठिकाणे कशाला
तुला थांबण्याचे बहाणे कशाला

दिव्याला विचारू नको वात त्याची
उजेडास त्याच्या उखाणे कशाला

मला पाहुनी गाव झाला मुका हा
अता मैफलीचे तराणे कशाला

एक शेर म्हणजे एक परिच्छेद, ही या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. तिचा फायदा पुढे अंतर ठेवताना कळतो.

टंकणाऱ्याने प्रत्येक मिसऱ्यानंतर Enter मारलेला असेल, तर मात्रा मोजायची गरज नाही. मधल्या रिकाम्या ओळी काढून टाकाव्यात, एक गझल निवडावी आणि Use wildcards वर खूण करून हे चालवावे:

```
Find:    ([!^13]@)^13([!^13]@)^13
Replace: \1^l\2^p
```

दोन-दोन ओळींची जोडी होते. निवडलेला भाग संपल्यावर वर्ड उरलेल्या फाइलमध्ये शोधायचे का, असे विचारतो. तिथे नाही म्हणावे. सगळ्या संग्रहावर हे एकदम चालवण्याचा मोह टाळलेला बरा. एखाद्या गझलेत एकच मिसरा गळलेला असला, तर तिथून पुढच्या प्रत्येक जोडीत एका शेराची दुसरी ओळ आणि पुढच्या शेराची पहिली ओळ एकत्र येते. हे घडले आहे हे ओळखायची खूण रदीफच देते: मतला सोडून कुठेही परिच्छेदाच्या पहिल्या ओळीशेवटी रदीफ दिसली, की थांबून पाहावे. मात्र दुसऱ्या शेराच्या दोन्ही ओळींत ती असेल तर तो हुस्नेमतला असू शकतो आणि मग सगळे बरोबर असते. ओळ खरोखरच गळली असेल, तर कवीकडे जावे. अंदाजाने जोडू नये.

नव्या गझलेची सुरुवातही अशीच सापडते. जुनी रदीफ थांबते आणि लागोपाठ दोन ओळींच्या शेवटी नवी रदीफ येते. गैरमुरद्दफ गझलेत रदीफच नसते, तिथे ही सोय नाही. केवळ काफिया ऐकत हाताने जावे लागते. रदीफेचा शब्द ओळीच्या मध्येही आला असेल, तर आपोआप बदल तिथेही तोडतो, म्हणून लहान रदीफेसाठी Replace All ऐवजी एकेक ठिकाण पाहून जावे.

आता अंतर. रिकामे Enter मारून शेरांत जागा सोडली, की कुठे एक, कुठे दोन पडतात आणि पान बदलले की रिकामी ओळ पुढच्या पानाच्या माथ्यावर जाऊन बसते. त्याऐवजी ‘शेर’ नावाची एक शैली करावी: अक्षर १४ पॉइंट, ओळीतले अंतर Exactly २० पॉइंट, Space After १२ पॉइंट, Keep lines together चालू. ‘Exactly’ यासाठी, की एखादा दंड किंवा इंग्रजी चिन्ह दुसऱ्या फॉन्टमधून आले, तर Single अंतरात तेवढीच ओळ उंच होते आणि शेर सैल दिसतो. फक्त रफार आणि खालचे उकार छाटले जात नाहीत ना, हे छापील पानावर पाहावे. छाटले जात असतील तर सगळ्या पुस्तकासाठी २१ किंवा २२ करावे.

ओळी डावीकडून जुळवाव्यात. Justify ठेवले, तर Shift+Enter ने संपणारी ओळ वर्ड पानभर ताणतो आणि शब्दांमध्ये खिंडारे पडतात. उर्दू पुस्तकांत दोन्ही मिसरे समान रुंदीचे करायची रीत आहे, पण तिथली लिपी अक्षरे लांबवू देते. देवनागरीत ते फक्त स्पेस फुगवून होते आणि वाईट दिसते.

किती शेर पानावर मावतात, हे आधीच काढावे. डेमी आकाराच्या पुस्तकात मजकुराची उंची ४८६ पॉइंट धरली आणि क्रमांक-शीर्षकाला ५० दिले, तर आठ शेरांना ४०४ लागतात आणि ते सहज बसतात. नऊ शेरांना ४५६ लागतात, शीर्षकासकट ५०६. शेवटचा शेर एकटाच पुढच्या पानावर जातो. अशा वेळी त्या एका गझलेचे अंतर आवळून तिला कोंबू नये. शेजारच्या पानाशी तिचा फरक लगेच डोळ्यांत भरतो. आठव्या शेराला Keep with next द्यावे, म्हणजे दोन शेर मिळून पुढे जातात, आणि शक्य तिथे नऊ शेरांची गझल डाव्या पानावर सुरू करावी, म्हणजे दोन्ही पाने एकाच वेळी समोर राहतात.

क्रमांक हाताने टंकू नयेत. शीर्षकाची एक Heading शैली करून तिला आपोआप वाढणारा क्रमांक जोडावा आणि Page break before लावावे. कवी शेवटच्या प्रुफातही गझलांचा क्रम बदलतो आणि ते त्याचे हक्काचे काम आहे. तेव्हा क्रमांक आपोआप बदलले पाहिजेत. फाइलमध्ये आधीच टंकलेले ‘१)’, ‘गझल क्र. २’ वगैरे काढून टाकावेत, नाहीतर दोन क्रमांक शेजारी उभे राहतात. गझलेला शीर्षक नसेल, तर मतल्याचा पहिला मिसरा त्या शैलीत ठेवावा, कारण अनुक्रमणिका तिथूनच उचलली जाते आणि नुसत्या आकड्यांच्या अनुक्रमणिकेत कोणाला आपली गझल सापडत नाही.

प्रूफ पाठवण्याआधी ¶ चे बटण दाबून फाइल शेवटपर्यंत पाहावी. प्रत्येक शेरात पहिल्या ओळीशेवटी ↵ आणि दुसऱ्या ओळीशेवटी ¶ दिसले पाहिजे. एकटा ¶ रिकाम्या ओळीवर कुठेही नको. मग कवीने एकदा छापील पानावर प्रत्येक गझल मोठ्याने वाचावी आणि प्रत्येक शेराची दुसरी ओळ पहिल्या ओळीचीच आहे ना, तेवढे पाहावे. गळलेला मिसरा आणि जोडीत चुकून आलेला परका मिसरा हे दोन दोष खुणांनी पूर्णपणे पकडता येत नाहीत. ते त्यालाच कळतात.