मागे जाणारा काळ आणि पुसली न जाणारी किल्ली

'ब्रेइड' नावाच्या गेममध्ये एक खोल खड्डा आहे आणि त्याच्या तळाशी हिरवी चमकणारी किल्ली आहे. टिम हा नायक खड्ड्यात उडी मारून किल्ली सहज उचलतो, पण वर चढून येण्याची सोय नाही. मग खेळाडू रिवाइंडचं बटण दाबतो. टिम जसा पडला होता तसाच उलटा वर येतो आणि पुन्हा काठावर उभा राहतो. फक्त आता किल्ली त्याच्याजवळ असते. सगळं जग काही सेकंद मागे गेलं, किल्ली तेवढी गेली नाही.

जोनाथन ब्लो यांनी केलेला हा गेम ऑगस्ट २००८ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर आला. त्याआधीही काळ मागे नेणारे गेम होते, पण त्यांत बहुधा ही चूक सुधारण्याची एक मर्यादित सवलत असे. ब्रेइडमध्ये तशी काटकसर नाही. शत्रूला धडकून टिम मेला तरी बटण दाबायचं आणि हवं तितकं मागे जायचं. एवढी मोकळीक देण्यासाठी आत नेमकं काय करावं लागतं, हे पाहिलं की त्या किल्लीचं कोडंही उलगडतं.

उलटं गणित का चालत नाही

गेम पुढे सरकतो तो लहान लहान पावलांनी. साधारण सेकंदाला साठ वेळा तो सगळ्या वस्तूंची आत्ताची स्थिती घेतो, खेळाडूनं दाबलेली बटणं पाहतो आणि पुढची स्थिती काढतो. अशा एका पावलाला फ्रेम म्हणतात. मग हेच गणित उलटं करून मागची फ्रेम काढता येणार नाही का?

बहुतेक वेळा नाही. जमिनीवर स्थिर पडलेला एक चेंडू घ्या. तो डावीकडून घरंगळत आला की उजवीकडून, दोन मीटरवरून पडला की पाच मीटरवरून, हे त्याच्या आत्ताच्या स्थितीवरून सांगता येत नाही. अनेक वेगवेगळे भूतकाळ एकाच वर्तमानात येऊन मिळालेले असतात. टक्कर, घर्षण, शत्रूचं मरणं या प्रत्येक घटनेत थोडी माहिती कायमची नाहीशी होते. त्यामुळे मागे जायचं असेल तर पुढे जातानाच सगळं लिहून ठेवावं लागतं. रिवाइंडच्या वेळी गेम काही शोधून काढत नसतो, लिहिलेलं उलट्या क्रमानं वाचत असतो.

आता लिहायचं काय, हा प्रश्न उरतो. सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे फक्त बटणांची नोंद. एका फ्रेमला एक बाइट धरला तर तासाभराचा खेळ सव्वादोन लाख बाइटांत मावतो. अडचण वाचताना येते. तिसाव्या मिनिटाला उभं राहून फक्त एक फ्रेम मागे जायचं म्हटलं, तरी सुरुवातीपासून जवळपास एक लाख आठ हजार फ्रेम पुन्हा चालवाव्या लागतात. शिवाय तीच बटणं दिली की दर वेळी तंतोतंत तेच घडलं पाहिजे. दशांशात कुठे सूक्ष्म फरक पडला, तरी काही मिनिटांनी शत्रू भलत्याच जागी असतो.

दुसरा मार्ग जगाची स्थितीच लिहून ठेवण्याचा. ब्लो यांनी हाच निवडला. तो खात्रीचा आहे, पण जागा खातो. एक काल्पनिक हिशेब करून पाहू. पडद्यावर शंभर वस्तू आहेत. प्रत्येकीची जागा, वेग, हालचालीचं चित्र आणि जिवंत की मेलेली, हे सगळं चाळीस बाइटांत बसतं असं धरू. एका फ्रेमला चार हजार बाइट, सेकंदाला दोन लाख चाळीस हजार आणि मिनिटाला १४.४ मेगाबाइट झाले. एक्सबॉक्स ३६० ची एकूण मेमरी ५१२ मेगाबाइट होती आणि तीत चित्रं, आवाज, गेम सगळंच बसवायचं होतं. या वेगानं केवळ इतिहासच छत्तीस मिनिटांत ती सगळी भरून टाकेल.

रोजकीर्दीची पद्धत

यातून सुटण्याची युक्ती कोणत्याही दुकानाच्या रोजकीर्दीत सापडते. दुकानदार दर व्यवहारानंतर सगळा माल मोजत नाही. जे बदललं तेवढंच तो लिहितो आणि पानाच्या माथ्यावर 'मागील पानावरून' म्हणून बेरीज आणतो. गेमही तेच करतो. दर सेकंदाला एकदा सगळ्या वस्तूंची पूर्ण स्थिती लिहायची आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त बदललेल्या वस्तू नोंदवायच्या. आपल्या उदाहरणात एका फ्रेमला सरासरी दहाच वस्तू हलत असतील, तर वस्तूचा क्रमांक धरूनही सुमारे ४२० बाइट पुरतात. पूर्ण नोंदी मिळवून मिनिटाला पावणेदोन मेगाबाइटच्या आसपास खर्च येतो. म्हणजे तासाभराचा इतिहास शंभरेक मेगाबाइटमध्ये आला.

यात एक बारकावा आहे. बदल लिहिताना वस्तूची जुनी किंमतही ठेवावी लागते. मागे जाताना ती जुनी किंमत परत बसवली की झालं, दुसरं काही गणित करावं लागत नाही. पूर्ण नोंदी लांब उडीसाठी कामी येतात, आणि एखादी फ्रेम चुकली तर ती चूक पुढच्या पूर्ण नोंदीपाशी अडते.

काही गोष्टी तर लिहाव्याच लागत नाहीत. धूळ, ठिणग्या, धूर यांचे शेकडो कण असतात, पण खेळावर त्यांचा परिणाम शून्य. कण कधी, कुठे, कोणत्या वेगानं जन्मला एवढं ठाऊक असेल, तर कोणत्याही क्षणीची त्याची जागा सूत्रानं काढता येते. त्या सूत्रात वेळ उलटी भरली की धूर आपोआप परत चिमणीत शिरतो.

विसरलेली नोंद

खरा घोळ न दिसणाऱ्या गोष्टींत होतो. समजा, एक दार उघडल्यावर पाच सेकंदांनी बंद होतं. प्रोग्रॅमरनं दाराची जागा नोंदवली, पण आतलं घड्याळ नोंदवायचं राहून गेलं. तीन सेकंदांनी खेळाडू तीन सेकंद मागे जातो. दार योग्य जागी दिसतं, पण घड्याळ तिथेच राहिल्यामुळे ते दोनच सेकंदांत लागतं. शत्रू कोणत्या दिशेनं वळेल हे यदृच्छेनं ठरत असेल, तर त्या यदृच्छ आकड्यांच्या साखळीचं ठिकाणही नोंदीत हवं. नाहीतर मनासारखी दिशा मिळेपर्यंत खेळाडू मागेपुढे करत बसेल. मेलेला शत्रूसुद्धा मेमरीतून लगेच काढता येत नाही. त्याच्यावर 'मृत' अशी खूण करून त्याला ठेवून द्यावं लागतं, कारण पुढच्याच क्षणी त्याला उठून चालायचं असू शकतं.

अशा चुका डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्या यंत्राकडून पकडतात. गेम शंभर फ्रेम पुढे चालवायचा आणि शेवटच्या स्थितीपासून एक आकडा काढायचा. मग शंभर फ्रेम मागे जाऊन तीच बटणं देत पुन्हा पुढे यायचं आणि आकडा जुळतो का पाहायचं. जुळला नाही, तर काहीतरी लिहायचं राहिलं आहे.

हिरवी किल्ली आणि सावली

आता त्या किल्लीकडे येऊ. ब्रेइडमध्ये हिरवी चमक असलेल्या वस्तूंवर रिवाइंडचा परिणाम होत नाही. हा अपवाद वरवर सोपा वाटतो: मागे जाताना त्या वस्तूची जुनी किंमत वाचायचीच नाही. पण मग दोन वस्तूंमधलं नातं पेचात पडतं. किल्ली म्हणते, मी टिमजवळ आहे. टिमची जुनी नोंद म्हणते, माझ्याजवळ किल्ली नाही. नातं दोघांकडेही लिहिलेलं असेल, तर हे दोन्ही एकाच वेळी खरं ठरतं आणि किल्ली एकतर नाहीशी होते किंवा हवेत लटकते. त्यामुळे कोण कोणाजवळ आहे हे एकाच बाजूला लिहिलेलं बरं, आणि ती बाजू मागे न जाणाऱ्या वस्तूची हवी.

गेमच्या पुढच्या एका भागात याहून धीट कल्पना आहे. खेळाडू रिवाइंड थांबवून नव्यानं चालू लागला, की मागे टाकलेला भविष्यकाळ खरं तर रद्द होतो आणि त्या नोंदी पुसायला हरकत नसते. या भागात मात्र त्या पुसत नाहीत. टिमची सावली त्या नोंदींनुसार चालू लागते आणि खरा टिम त्याच वेळी वेगळं काही करतो. एकटा खेळाडू दोन ठिकाणच्या कळा दाबू शकतो तो त्यामुळेच.

थोडकी स्मृती, पूर्ण विस्मृती

अॅक्शन गेमला एवढा लांब इतिहास लागत नाही. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' (२००३) मध्ये राजपुत्र कड्यावरून पडला, की खंजिरातली वाळू खर्चून काही सेकंद मागे जाता येतं. अशा वेळी ठरावीक घरांची गोल रांग पुरते. दहा सेकंदांसाठी सहाशे घरं ठेवली, तर सहाशे एकावी फ्रेम पहिल्या घरावर लिहिली जाते आणि मेमरी कधी वाढत नाही. वाळू मोजकी असते आणि ती शत्रूंकडून मिळवावी लागते. त्यामुळे रिवाइंड फुकट राहत नाही आणि लढाईतली जोखीम टिकते.

टाइम लूप याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. तिथे इतिहास लिहावाच लागत नाही, कारण जायचं असतं ते नेहमी एकाच क्षणाकडे. 'आउटर वाइल्ड्स' (२०१९) मध्ये सुमारे बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि खेळाडू पुन्हा शेकोटीशी जागा होतो. ग्रह, वाळू, कोसळलेली जमीन, सगळं मूळ जागी परततं. उरते ती यानातली टिपणवही आणि खेळाडूच्या डोक्यातलं ज्ञान.

म्हणून लूपचा गेम बांधताना मुख्य काम दोन याद्या करण्याचं असतं: काय पुसायचं आणि काय ठेवायचं. 'द लेजंड ऑफ झेल्डा: मजोराज मास्क' (२०००) मध्ये तीन दिवसांचं चक्र आहे. चक्र परतलं की हातातले पैसे, बाण आणि बॉम्ब जातात. मुखवटे, शिकलेली गाणी आणि महत्त्वाची साधनं राहतात. गावकऱ्यांचं दैनंदिन वेळापत्रक घड्याळाला बांधलेलं असतं, त्यामुळे चक्र परतलं की तेही पहिल्या पहाटेपासून पुन्हा सुरू होतं.

या दोन याद्यांची गाठ पैशांपाशी पडते. हातातले पैसे पुसले जातात, पण गावातल्या बँकेत ठेवलेले टिकतात. बँकवाला लिंकवर शिक्का मारतो आणि त्यावरूनच दर चक्रात त्याची शिल्लक ओळखतो. इकडे रिकाम्या केलेल्या पेट्या चक्रासोबत पुन्हा भरतात. म्हणजे तीच पेटी दर फेरीला उघडायची आणि तेच पैसे पुन्हा जमा करायचे, एवढं केलं की शिल्लक वाढत जाते. दुसऱ्या गेममध्ये याला चूक म्हटलं असतं. इथे बनवणाऱ्यांनी ती वाट मुद्दाम उघडी ठेवली आणि त्यासाठी बँकवाला, शिक्का आणि खातं अशी सगळी सोय करून दिली.