पत्ता थांबवावा, विद्यार्थी नव्हे
केज, धारूर, गेवराई, पाटोदा अशा बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी प्रवेशाच्या दिवसांत ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रांसमोर गर्दी असते. अर्ज विद्यार्थ्याचा, पण कीबोर्ड केंद्रचालकाच्या हातात. ईमेलचा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही आणि समोरच्या मुलाला आपला ईमेल पाठ नसतो, कधी तो मुळात नसतोच. मग नाव आणि जन्मसाल जोडून अंदाजाने एक पत्ता लिहिला जातो, घाईत gmail.com चं gmail.con होतं, नाहीतर चालक सरळ स्वतःचाच पत्ता टाकून मोकळा होतो. अर्ज जातो. पुढे महाविद्यालयाची संगणक प्रणाली फीची पावती, परीक्षा अर्जाची मुदत, पासवर्ड बदलण्याची लिंक याच पत्त्यांवर पाठवू लागते आणि मेल परत येऊ लागतात. असे मृत पत्ते आपोआप थांबलेच पाहिजेत, याबद्दल मला शंका नाही. पण पत्ता थांबवणं आणि विद्यार्थ्याशी संपर्क तोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक ठिकाणी त्या एकच समजल्या जातात.

आधी थांबवण्याची गरज पाहू. उदाहरणादाखल एका महाविद्यालयाने १,२०० पावत्या पाठवल्या आणि ९० मेल ‘असा पत्ताच नाही’ म्हणून परत आले असं धरू. हे प्रमाण साडेसात टक्के झालं. ॲमेझॉनच्या एसईएस या मेल पाठवणाऱ्या सेवेत असं प्रमाण ५ टक्क्यांवर गेलं की खातं तपासणीखाली येतं आणि १० टक्क्यांवर गेलं की पाठवणंच थांबवलं जाऊ शकतं. म्हणजे ९० चुकीच्या पत्त्यांपायी उरलेल्या १,११० विद्यार्थ्यांचे मेल धोक्यात येतात. महत्त्वाचा मेल आहे, तेव्हा पुन्हापुन्हा प्रयत्न करावा, असा युक्तिवाद इथे हमखास केला जातो. पण नसलेल्या पत्त्यावर दहादा पाठवलेली पावती दहादा परत येते आणि दरवेळी प्रमाण वाढवते. पावती महत्त्वाची आहे, म्हणूनच ती दुसऱ्या वाटेने पोहोचवायला हवी.

मात्र परत आलेला प्रत्येक मेल मृत पत्त्याचा नसतो. सेवा प्रत्येक परतीबरोबर एक सूचना पाठवते. तिचा कामाचा भाग साधारण असा असतो:

```json
{"notificationType": "Bounce",
 "bounce": {
  "bounceType": "Permanent",
  "bouncedRecipients": [{
   "emailAddress": "vidyarthi@example.com",
   "status": "5.1.1"}]}}
```

इथे status मधले आकडे नीट वाचायचे. पहिला ५ म्हणजे कायमचा नकार, ४ म्हणजे तात्पुरता. पुढचे दोन आकडे कारण सांगतात. 5.1.1 म्हणजे त्या नावाची पेटीच नाही. हा पत्ता पहिल्याच सूचनेला थांबवावा. 4.2.2 म्हणजे पेटी भरली आहे. जीमेलच्या मोफत खात्याची १५ जीबी जागा फोटो, ड्राइव्ह आणि मेल मिळून असते, त्यामुळे मोबाइलमधले फोटो आणि व्हिडिओ आपोआप साठवणाऱ्या मुलाची पेटी एकही मोठा मेल न येता भरू शकते. तो मुलगा आहे, पत्ताही खरा आहे. असा पत्ता एका सूचनेवरून कायमचा बंद करणं चूक. वेगवेगळ्या दिवशी तीनदा हेच घडलं, तर महिनाभर थांबून पुन्हा पाहावं, एवढं पुरतं.

सगळ्यात घातक गोंधळ होतो तो ५ ने सुरू होणारं सगळं एकाच टोपलीत टाकल्यामुळे. महाविद्यालयाच्या डोमेनची डीएनएस नोंद कुणी बदलली आणि मेलची सही जुळेनाशी झाली, तर जीमेल 5.7.26 असा नकार देऊ शकतं. त्याचा अर्थ ‘पाठवणारा कोण हे पटत नाही’ असा आहे. घेणाऱ्याच्या पत्त्याशी त्याचा संबंध नाही. पण प्रोग्राममध्ये फक्त पहिला आकडा तपासला जात असेल, तर एका सकाळीच जीमेलचे सगळे पत्ते थांबवलेल्यांच्या यादीत जाऊन पडतात आणि नोंद दुरुस्त झाल्यावरही कुणाला मेल जात नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे: एकाच तासात, एकाच कंपनीच्या पेट्यांकडून, एकच कोड. म्हणून नेहमीच्या कित्येक पट पत्ते अचानक थांबू लागले, तर थांबवण्याचं कामच थांबावं आणि माणसाला इशारा जावा, ही अट प्रोग्राममध्ये आधीपासून हवी.

तक्रारीची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. कुणी ‘स्पॅम’चं बटण दाबलं की याहूसारख्या काही कंपन्या त्या मेलची सूचना परत पाठवतात. जीमेल तशी व्यक्तिगत सूचना देत नाही. पोस्टमास्टर टूल्समध्ये डोमेनचं एकूण प्रमाण तेवढं दाखवतं, आणि ते ०.३ टक्क्याच्या खाली राहावं अशी त्याची अपेक्षा असते. तेव्हा जिथे बहुतेक पत्ते जीमेलचे, तिथे ‘तक्रारी शून्य’ या आकड्यावर समाधान मानू नये. आता केंद्रचालकाकडे वळू. त्याचा याहूचा पत्ता चाळीस अर्जांवर आहे असं धरू. चाळीस जणांच्या पावत्या रोज येऊन पडल्यावर त्याने कंटाळून बटण दाबलं, तर त्यात गैर काही नाही. ते मेल त्याचे नाहीतच. नियमानुसार तो पत्ता लगेच थांबावा. पण त्या एका नोंदीमागे चाळीस विद्यार्थी गप्प झाले, हे पत्त्यांच्या यादीत दिसत नाही. म्हणून थांबवलेल्या पत्त्याबरोबर कारण, कोड, तारीख आणि त्या पत्त्याशी जोडलेले सगळे प्रवेश क्रमांक हवेत. एकाच पत्त्यावर तीनहून अधिक विद्यार्थी दिसले, तर तक्रारीची वाट न पाहताच ती नावं कार्यालयाच्या पडद्यावर यावीत.

यावर कुणी म्हणेल, हजार-बाराशे मुलांच्या महाविद्यालयाला एवढा खटाटोप कशाला, लिपिक हाताने पत्ते काढेल. पण परतीच्या सूचना मेल गेल्यापासून काही मिनिटांत येऊ लागतात, तर लिपिक त्या सूचनांची पेटी आठवड्याने उघडतो. मधल्या काळात मुदतीची आठवण त्याच मृत पत्त्यांवर आणखी दोनदा गेलेली असते. यंत्राने थांबवावं आणि लिपिकाने दुरुस्त करावं, ही वाटणी बरोबर आहे. विद्यार्थी पोर्टलवर आला की ‘तुमचा ईमेल चालत नाही, नवा द्या’ ही पट्टी दिसावी, आणि एसएमएस जावा. बीडमध्ये एसएमएसवरच सगळी भिस्त ठेवता येत नाही, कारण अर्जावरचा मोबाइल अनेकदा वडिलांचा असतो आणि ऊसतोडीच्या हंगामात तो त्यांच्याबरोबर कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकात असतो. तिथे वर्गशिक्षकाकडे छापील नावं देणं हाच खात्रीचा उपाय.

आणि परतीची वाटही बांधून ठेवावी लागते. मेल पाठवणारी सेवाही कायमच्या नकाराचे आणि तक्रारीचे पत्ते स्वतःच्या यादीत ठेवू शकते. ‘बटण चुकून दाबलं गेलं’ म्हणत विद्यार्थी खिडकीवर आला आणि लिपिकाने फक्त महाविद्यालयाच्या यादीतून त्याचं नाव काढलं, तर पडद्यावर मेल गेल्याचं दिसतं, पण सेवा तो पुढे पाठवत नाही. नाव दोन्हीकडून काढून, एक चाचणी मेल त्याच्या मोबाइलवर आलेला पाहूनच त्याला खिडकीवरून जाऊ द्यावं.