काचेच्या चंबूंतली कॉफी



गेल्या दिवाळींत जपानांत नोकरीस असलेला माझा भाचा घरीं आला आणि त्यानें एक खोकें माझ्यापुढें ठेवलें. उघडून पाहतों तों आंत सारें प्रयोगशाळेंतलें सामान! एक गोल काचेचा चंबू, त्याच्या तोंडावर रबरी कड्यानें घट्ट बसणारें व खालीं लांब नळी असलेलें दुसरें काचेचें पात्र, चंबू धरून ठेवणारी पकडीची दांडी, स्पिरिटचा लहानसा दिवा, आणि साखळी लावलेली एक वाटोळी चकती. शाळेंत मुलांना प्रयोग करून दाखविण्यांत ज्याची हयात गेली, त्या माझ्यासारख्याला वाटलें कीं पोरगा आपली थट्टा करीत आहे. पण तो म्हणाला, "मामा, ही कॉफी करण्याची तऱ्हा आहे. तिकडे जुन्या कॉफीगृहांतून म्हातारे मालक अजून हिच्यावरच कॉफी करतात."

त्यानें दोन वेळां करून दाखविली. ती उत्तम झाली. तो परत गेल्यावर मीं दोन वेळां केली. ती आंबटसर, पाणचट आणि बेचव झाली. आमच्या घरांतून स्पष्ट अभिप्राय मिळाला कीं, एवढी भांडीं विसळण्यापेक्षां चहाचें आधण ठेवलेलें काय वाईट! यंत्र तेंच, कॉफी तीच, पाणीहि तेंच. मग चुकलें कोठें? तें शोधतांना या यंत्राचें मर्म मला जें उमगलें, तेंच आज आपणांस सांगणार आहें.

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द. याला जपानांत व इतरत्रहि 'सायफन' म्हणतात; पण शास्त्रीय दृष्ट्या हा सायफन नव्हे. सायफनांत पाणी वांकड्या नळींतून उंचावरच्या भांड्यांतून खालच्या भांड्यांत आपल्या भारानें उतरतें. येथें पाणी आधीं खालून वर चढतें आणि मग वरून खालीं येतें, आणि हीं दोन्हीं कामें वाफेच्या व हवेच्या दाबामुळें होतात. ही कल्पना तशी जुनी आहे. १८३० नंतरच्या दशकांत जर्मनींत तिची सुरुवात झाली, १८४० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत फ्रान्समधील लिआँ शहरच्या मादाम वास्यू यांनीं आपल्या काचपात्राचें पेटंट घेतलें, आणि १९१५ सालीं अमेरिकेंत 'पायरेक्स' नांवाची उष्णता सोसणारी काच बाजारांत आल्यावर चंबू तडकण्याचें भय पुष्कळ कमी झालें.

आतां यंत्र चालतें कसें तें पाहूं. खालच्या चंबूंत पाणी असतें व पाण्याच्या वर थोडी हवा असते. वरचें पात्र बसविलें म्हणजे त्याची नळी चंबूच्या जवळजवळ तळापर्यंत पोंचते आणि रबरी कड्यामुळें चंबूचें तोंड बंद होतें. खालीं दिवा लावला कीं हवा फुगते, पाण्याची वाफ होऊं लागते, आणि या दोघांना बाहेर पडण्यास वाट नसल्यामुळें त्या पाण्याला दाबूं लागतात. पाण्याला एकच वाट मोकळी असते, ती नळीची. म्हणून तें नळींतून वर चढतें. यासाठीं फार मोठा दाब लागतो असें मात्र नाहीं. वातावरणाचा दाब सुमारें दहा मीटर उंचीचें पाणी तोलूं शकतो. येथें पाणी चढवावयाचें तें सुमारें वीस सेंटिमीटर, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा फक्त पन्नासावा हिस्सा अधिक मिळाला कीं काम भागलें.

माझी चूक नेमकी येथेंच होती. मी थंड पाणी चंबूंत भरून, वरचें पात्र घट्ट बसवून, मग दिवा लावीत असें. एवढा थोडा दाब उत्पन्न होण्यास पाण्याला उकळी येण्याची गरजच नसते! तोंड बंद असल्यामुळें पाणी कोमट असतांनाच नळींतून वर सरकूं लागे. तिसऱ्या खेपेस मीं वरच्या पात्रांत उष्णतामापक धरला. पहिलें पाणी वर आलें तेव्हां पारा साठ अंशांच्याहि खालीं होता, आणि पात्र बहुतेक भरलें तेव्हां तो कसाबसा बहात्तरावर पोंचला. मी त्याच पाण्यांत कॉफी टाकीत होतों! इतक्या निवालेल्या पाण्यांत कॉफीचा आंबटपणा तेवढा चटकन् उतरतो. गोडवा व भरीवपणा पुडींतच राहतो.

यावर उपाय सोपा निघाला. वरचें पात्र आधीं नळीसह चंबूंत तिरकें टेकवून ठेवावें, घट्ट बसवूं नये. नळींतून लोंबणाऱ्या साखळीच्या मण्यांवरून बारीक बुडबुड्यांची माळ सुटूं लागली म्हणजे पाणी उकळीस आलें असें समजावें. ही साखळी पाण्याला एकदम उसळी मारूं देत नाहीं, हें तिचें दुसरें काम. मग पात्र सरळ करून दाबून बसवावें. आमच्या पुण्यांत पाणी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतें. तें अर्ध्या मिनिटांत सरसर वर जातें, आणि वरच्या काचेनें थोडी उष्णता घेतल्यावर नव्वद ते ब्याण्णव अंशांवर स्थिरावतें. कॉफीला हवें तेंच हें तापमान.

आमच्या घरीं आतां जी कृति ठरली आहे ती अशी. तीनशें मिलिलिटर पाणी घ्यावें. तें आधींच वेगळ्या भांड्यांत तापवून घेतल्यास स्पिरिट व वेळ दोन्हीं वांचतात. चंबूची बाहेरची बाजू फडक्यानें कोरडी पुसावी, कारण ज्योतीखालीं बाहेरचा एक थेंबहि चांगल्या काचेला तडा देऊं शकतो. कॉफी वीस ग्रॅम, ताजी दळलेली, साखरेपेक्षां किंचित् बारीक. पाणी वर आलें कीं ज्योत बारीक करावी, कॉफी टाकावी, आणि बांबूच्या चपट्या काडीनें सारी पूड भिजेपर्यंत ती हलकेच पाण्याखालीं दाबावी. घड्याळांत एक मिनिट होऊं द्यावें. मग दिवा काढून घ्यावा आणि काडीनें एकदां गोलाकार ढवळावें.

त्या एका मिनिटांत खालीं काय घडतें तें पाहण्यासारखें आहे. सारें पाणी वर जात नाहीं. नळीच्या टोकाखालचें चमचाभर पाणी चंबूंतच राहतें आणि उकळत असतें. त्याची वाफ नळींतून बुडबुड्यांच्या रूपानें वर येते व जातांना चंबूंतली उरलीसुरली हवाहि आपल्याबरोबर घेऊन जाते. म्हणजे मिनिट संपतेवेळीं चंबूंत जवळजवळ निव्वळ वाफच असते. दिवा काढतांच ती वाफ निवून तिचें पुन्हां पाणी होतें; पाण्याचें आकारमान वाफेच्या मानानें अगदींच क्षुल्लक, म्हणून आंतला दाब झपाट्यानें उतरतो. लोक म्हणतात कीं पोकळी कॉफीला खालीं ओढते. पोकळी कशालाच ओढीत नाहीं! बाहेरची हवा वरून दाबते, आणि तिचा सामना करण्यास आंत कोणी उरत नाहीं. कॉफी फडक्याच्या गाळणींतून खालीं उतरते, चोथा वर राहतो, आणि शेवटीं गाळणींतून हवा शिरून चंबूंत गुडगुड आवाज होतो व पिवळसर फेस उठतो. तो दिसला म्हणजे काम संपलें.

हें उतरणें साधारण पाऊण मिनिटांत व्हावें. दीड मिनिट होऊनहि कॉफी रेंगाळत असेल तर पूड फार बारीक आहे किंवा फडकें तेलकट होऊन बुजलें आहे; पंधरा-वीस सेकंदांतच सारें खालीं आलें तर पूड जाडी आहे. वरच्या पात्रांत बुडबुडे मधून न येतां एकाच कडेनें येत असतील तर चकती बाजूस सरकली आहे, आणि गाळ खालीं येणार हें धरून चालावें. कॉफी टाकण्यापूर्वींच ती काडीनें मध्यावर आणावी. पाणी अर्धवटच चढत असेल तर दोष बहुधा रबरी कड्याचा असतो. मात्र चंबूंतलें शेवटचें पाणी आटूं देऊन रिकाम्या काचेखालीं ज्योत ठेवूं नये.

फडकें म्हणजे या यंत्राचा सर्वांत नाजूक भाग. नवें असतांना तें उकळून घ्यावें. रोज नुसत्या गरम पाण्यानें धुवावें, साबण लावूं नये. त्याचा वास पुढच्या दहा पेल्यांना येतो. तें वाळूंहि देऊं नये, कारण त्यांत शोषलेलें कॉफीचें तेल हवेनें खवट होतें. स्वच्छ पाण्यांत बुडवून शीतकपाटांत ठेवावें.

चव कशी असते? कागदांतून गाळलेली कॉफी अगदीं निर्मळ पण थोडी रोडावलेली असते. दट्ट्याच्या भांड्यांतली दाट असते पण तळाशीं गाळ ठेवते. ही दोहोंच्या मधली. फडकें बारीक गाळ अडवितें, पण तेलाचा कांहीं अंश जाऊं देतें. त्यामुळें पेला रंगानें चहासारखा पारदर्शक आणि तोंडांत मऊ लागतो. ती फार कढत उतरते. पहिल्या घोटांत जीभ पोळते व सुगंधाखेरीज कांहीं कळत नाहीं. पांच-सात मिनिटें थांबावें. चिकमगळूरची हलकी भाजलेली कॉफी मीं करून पाहिली, तेव्हां निवत जातांना तींत प्रथम संत्र्याच्या सालीसारखा आणि शेवटीं गुळासारखा स्वाद आला. आमच्या घरांतूनहि या वेळीं तक्रार आली नाहीं; पेला मात्र पुन्हां भरून घेतला गेला.

माटुंग्याच्या दाक्षिणात्य खानावळींतली दुधाची, फेसाळ, चिकरी घातलेली कॉफी ज्यांना प्रिय आहे त्यांनीं या भानगडींत पडूं नये. दूध घातलें कीं हिचा नाजूकपणा बुडून जातो, आणि चिकरीच्या चिकटपणानें फडकें बुजतें. तिच्यासाठीं पितळेचें दोन मजली गाळणें हेंच योग्य पात्र आहे. सकाळीं नवाची गांठ धरणाऱ्यांनाहि हें परवडणार नाहीं. मांडण्यापासून विसळण्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटें जातात, आणि सहा पाहुणे आले तर तोच खेळ दोनदां मांडावा लागतो. रांगतें मूल घरांत असेल तर उघडी ज्योत, कढत पाणी आणि काच हीं तिन्हीं एका मेजावर आणूं नयेत.

परंतु ज्यांना बिनदुधाची कॉफी आवडते, किंवा जे एका बागेची कॉफी दुसरीशीं ताडून पाहूं इच्छितात, त्यांना यासारखें साधन नाहीं. कारण तापमान, वेळ आणि दळ हीं तिन्हीं येथें डोळ्यांसमोर उघडीं असतात. आमच्याकडे सकाळीं चहाच होतो. रविवारीं दुपारीं चार वाजतां मात्र शेजारचीं दोन शाळकरी मुलें येऊन मेजापाशीं उभीं राहतात. कॉफी तीं पीत नाहींत. पाणी वर चढतें तेव्हां आणि गुडगुड करून खालीं येतें तेव्हां, एवढेंच पाहण्यास येतात, आणि दिवा काढावयाचा क्षण कोणता तें आतां माझ्याआधीं तींच सांगतात.