बीजकातली पहिली पायरी

जीएसटीचं गणित बहुतेक वेळा चुकतं ते कर कशावर लावायचा, इथेच. पुण्याचा घाऊक व्यापारी नाशिकच्या दुकानदाराला मिक्सर विकतो. यादीतली किंमत करावेगळी ५,००० रुपये, व्यापारी सूट १० टक्के, कराचा दर १८ टक्के. आधी सूट वजा करायची: ४,५०० रुपये ही करपात्र किंमत. माल राज्यातच राहिला, म्हणून ९ टक्के केंद्राचा कर ४०५ आणि ९ टक्के राज्याचा ४०५; बीजकाची एकूण रक्कम ५,३१० रुपये. गिऱ्हाईक बेळगावचं असतं, तर ८१० रुपये एकाच ओळीत, आयजीएसटी म्हणून आले असते. बेरीज तीच.

खरी फसगत उलट्या प्रश्नात होते. ‘करासह किंमत ५,३१०, तर कर किती?’ विद्यार्थी सरळ ५,३१०चे १८ टक्के काढतो आणि ९५५.८० लिहून मोकळा होतो. पण ५,३१० म्हणजे करपात्र किमतीचे ११८ टक्के. म्हणून ५,३१० × १०० ÷ ११८ = ४,५००, आणि कर ८१०. ताळा सोपा आहे: ५,३१०मधून ९५५.८० वजा केल्यास ४,३५४.२० उरतात, त्यांचे १८ टक्के ७८३.७६ येतात, ९५५.८० नव्हेत. दुकानातली एमआरपीही करासहच असते, त्यामुळे प्रश्नात ‘करासह’ की ‘करावेगळी’ ते आधी अधोरेखित करावं.